सरासरी घेऊनही एडीसीचा आकडा पायरी का सोडत नाही?

प्रश्न: आर्डुइनो उनोच्या A0 ला एलएम३५ तापमान सेन्सर जोडलाय, रेफरन्स ५ व्होल्टचाच आहे. पाण्याचं तापमान मोजतोय. एका रीडिंगमध्ये अर्ध्या अंशाच्या पायऱ्या दिसत होत्या, म्हणून ओव्हरसॅम्पलिंग केलं. २५६ रीडिंगची बेरीज करून चार बिट उजवीकडे सरकवतो, म्हणजे १४ बिट मिळायला हवेत. पण आकडा बराच वेळ २५.३९ वर अडकून बसतो, मग अचानक सरकतो आणि पुन्हा अडकतो. कोड दहादा तपासला. ओव्हरसॅम्पलिंगने खरंच बिट वाढतात का, की हे फक्त कागदावर?

उत्तर:

वाढतात, पण एका अटीवर, आणि तुमच्या जोडणीत नेमकी तीच अट पूर्ण होत नाहीये. कोड बरोबर आहे. अडचण अशी की तुमचं सिग्नल एडीसीच्या एका पायरीच्या मानाने फार शांत आहे.

आधी पायरीचा हिशोब करू. उनोवरच्या एटीमेगा३२८पी चिपचा एडीसी १० बिटांचा, म्हणजे ५ व्होल्टचे १०२४ भाग. एक पायरी, म्हणजे एक एलएसबी, ४.८८ मिलिव्होल्टची झाली. एलएम३५ एका अंशाला १० मिलिव्होल्ट देतो, तेव्हा एक पायरी ०.४९ अंशाची. पाणी २५.३ अंशांवर असेल तर पिनवर २५३ मिलिव्होल्ट येतात. पायऱ्यांत मोजलं तर ते ५१.८१ होतं. एडीसीला ५१.८१ सांगता येत नाही. तो जवळचा पूर्णांक देतो, ५२. आता दोनशे छप्पन्न वेळा ५२ मिळवा आणि २५६ ने भागा: उत्तर ५२ च. ५२ गुणिले ४.८८ म्हणजे २५३.९ मिलिव्होल्ट, म्हणजेच तुमचे ते २५.३९ अंश. सरासरी एरर काढून टाकते हे खरं, पण प्रत्येक रीडिंगमध्ये एकच एरर एकाच दिशेने असेल तर ती सरासरीतही तशीच राहते. इथे प्रत्येक रीडिंग ०.१९ पायरी वर आहे, म्हणून सरासरीही ०.१९ पायरी वर.

मग बिट येतात कुठून? नॉइजमधून. समजा पिनवर थोडी यादृच्छिक थरथर आहे आणि ती पायरीच्या आकाराशी तुल्य आहे. मग ५१.८१ वरचं सिग्नल कधी ५१.५ च्या खाली जाईल आणि एडीसी ५१ देईल, बहुतेक वेळा ५२ देईल, क्वचित ५३. कोणता आकडा किती वेळा आला, या प्रमाणात ते ०.८१ लपलेलं असतं. खरं मूल्य ५१.५ च्या जवळ असेल तर ५१ आणि ५२ निम्मे निम्मे येतील, ५१.८१ ला ५२ ची संख्या जास्त असेल. सरासरी हे प्रमाणच वाचते. नॉइज नसेल तर वाचायला काहीच नाही. म्हणून ओव्हरसॅम्पलिंगमध्ये नॉइज हा शत्रू धरून चालत नाही. तो मोजून घ्यावा लागतो, आणि पुरेसा नसेल तर वाढवावाही लागतो.

किती पुरेसा? नॉइज सर्वसाधारण वितरणाचा, म्हणजे घंटेच्या आकाराचा असेल, तर कितीही रीडिंग घेतली तरी सरासरीत जी पायरीची चूक शिल्लक राहते, तिची मोठ्यात मोठी किंमत अशी काढता येते:

```
e_max ≈ (1/π) · exp(−2π²σ²)
```

इथे σ हे नॉइजचं प्रमाण विचलन, एलएसबीमध्ये. σ जर ०.२ असेल तर सरासरी ०.१५ एलएसबीपर्यंत चुकू शकते, आणि लाख रीडिंग घेतली तरी ही चूक हलत नाही. σ ०.३ झाला की ती ०.०५ वर येते. ०.५ ला ती ०.००२ एलएसबी, म्हणजे विसरून जाण्याइतकी. घातांकामुळे हा बदल फार झपाट्याने होतो. म्हणून अनुभवी लोक "किमान अर्धा एलएसबी नॉइज हवा" म्हणतात ते उगाच नाही: ०.२ आणि ०.५ यांच्यामध्ये तंत्र न चालण्यापासून उत्तम चालण्यापर्यंतचा सगळा प्रवास होतो. ०.१ च्या आसपास हे सूत्र थोडं कमी आकडा देतं, प्रत्यक्ष चूक ०.२९ च्या जवळ जाते. पण तिथे ओव्हरसॅम्पलिंग चालतच नाही, त्यामुळे तो फरक महत्त्वाचा नाही.

तुमचा आकडा अडकतो आणि मध्येच सरकतो, त्याचं कारणही हेच. खरं मूल्य ५१.५ किंवा ५२.५ या सीमेजवळ आलं की बारीक नॉइजही ती सीमा ओलांडतो आणि सरासरी हलू लागते. सीमेपासून लांब गेलं की पुन्हा शांत. तुम्ही तापमान सावकाश वाढवत आलेख काढलात तर सरळ रेषेऐवजी कडा गुळगुळीत झालेला जिना दिसेल. असा जिना दिसला की नॉइज कमी आहे हे नक्की समजावं.

पण अंदाजावर राहू नका. पहिलं काम हिस्टोग्राम. सेन्सर स्थिर ठेवा (मोठ्या भांड्यातलं न ढवळलेलं पाणी चालेल), हजार कच्ची रीडिंग घ्या आणि कोणता कोड किती वेळा आला ते छापा:

```cpp
uint16_t h[16];

void histogram() {
  uint16_t base = analogRead(A0) - 8;
  memset(h, 0, sizeof h);
  for (uint16_t i = 0; i < 1000; i++) {
    uint16_t k = analogRead(A0) - base;
    if (k < 16) h[k]++;
  }
  for (uint8_t k = 0; k < 16; k++) {
    Serial.print(base + k);
    Serial.print('\t');
    Serial.println(h[k]);
  }
}
```

छपाई मुद्दाम शेवटी ठेवली आहे. रीडिंग घेत असताना सिरीयल पिन वरखाली होत राहिली तर तिची गडबड मोजणीत शिरते आणि मग तुम्ही सेन्सरचा नाही, स्वतःच्या छपाईचा नॉइज मोजता.

एकाच कोडवर जवळपास सगळी रीडिंग असतील तर वरचं सगळं तुम्हाला लागू आहे. तीन-चार कोडांवर घंटेसारखा ढीग असेल तर उत्तम, सरासरी घ्यायला हरकत नाही. दोन टोकांना दोन शिंगं आणि मध्ये खड्डा असा आकार आला तर तो यादृच्छिक नॉइज नाही, कुठलीतरी साइन लहर आहे. बहुधा घरच्या वीजपुरवठ्याची. तिच्याकडे नंतर येतो. मुख्य ढिगापासून लांब कुठेतरी एकटीदुकटी रीडिंग पडली असतील तर ती झटक्याची गडबड: मोटर, रिले, सैल तार. अशी एक रीडिंग सरासरीला बराच वेळ ओढत राहते, आणि तिचा इलाज सरासरीत नाही, तारेत आहे.

आता तुमच्याकडे हिस्टोग्राम एकाच कोडवर येईल असं धरून पुढे जातो. नॉइज वाढवायचा का? त्याआधी एक सोपी गोष्ट करा: पायरी लहान करा. एलएम३५ पाण्याच्या तापमानाला एक व्होल्टच्या वर जातच नाही, मग ५ व्होल्टचा रेफरन्स ठेवून एडीसीचा चार पंचमांश पल्ला रिकामा का ठेवायचा? या चिपमध्ये १.१ व्होल्टचा अंतर्गत रेफरन्स आहे. `setup()` मध्ये एक ओळ:

```cpp
analogReference(INTERNAL);
```

आता एक पायरी १.०७ मिलिव्होल्टची, म्हणजे ०.१०७ अंशाची. एकही जादा रीडिंग न घेता दोन बिटांहून थोडं जास्त मिळालं. पल्ला ११० अंशांपर्यंत जातो, पाण्याला पुरेसा. रेफरन्स बदलल्यावर सुरुवातीची काही रीडिंग फेकून द्या, कारण AREF पिनवरच्या कपॅसिटरला नव्या व्होल्टेजवर यायला वेळ लागतो.

या बदलाचा दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. नॉइज मिलिव्होल्टमध्ये तेवढाच राहतो, पण पायरी लहान झाल्यामुळे एलएसबीमध्ये तो साडेचार पट मोठा होतो. समजा सेन्सर, तारा आणि एडीसीचं प्रवेशद्वार मिळून ०.६५ मिलिव्होल्ट नॉइज आहे. ५ व्होल्टच्या रेफरन्सवर तो ०.१३ एलएसबी: निरुपयोगी. हजारातली साधारण ९९१ रीडिंग ५२ आणि ९ रीडिंग ५१ येतील, सरासरी ५१.९९. खरं उत्तर ५१.८१ होतं. तोच नॉइज १.१ व्होल्टवर ०.६ एलएसबी होतो, आणि मग चित्र पालटतं. २५३ मिलिव्होल्ट आता २३५.५२ पायऱ्या आहेत. गणिताप्रमाणे हजार रीडिंगची अपेक्षित वाटणी अशी येते:

```
234     44
235    442
236    462
237     51
238      1
```

याची सरासरी काढा: २३५.५२३. गुणिले १.०७४ म्हणजे २५३.० मिलिव्होल्ट, २५.३० अंश. एकाही रीडिंगला ०.५२ माहीत नव्हतं, तरी वाटणीतून ते बाहेर आलं. प्रत्यक्षात आकडे इतके सुबक येणार नाहीत. हजार रीडिंगच्या सरासरीत ०.०२ एलएसबीच्या आसपास हलणं राहीलच. पण ते हलणं ०.००२ अंशाचं आहे.

आता "२५६ रीडिंग म्हणजे चार बिट, म्हणजे १४ बिट" या हिशोबाबद्दल. चौपट रीडिंगला एक बिट हा नियम बरोबर आहे: N स्वतंत्र रीडिंगच्या सरासरीत नॉइज `sqrt(N)` ने घटतो, म्हणून चार रीडिंगमागे तो निम्मा होतो आणि निम्मा नॉइज म्हणजे एक बिट. ॲटमेलच्या एव्हीआर१२१ या ॲप्लिकेशन नोटमध्येही हेच आहे. पण हे बिट कशात मिळवायचे? डेटाशीटवरच्या १० मध्ये नाही, तर एका रीडिंगमध्ये खरोखर जेवढे बिट आहेत त्यांच्यात. आदर्श १० बिट एडीसीची स्वतःची पूर्णांकाची चूक ०.२८९ एलएसबी असते. वरच्या वाटणीचं प्रमाण विचलन ०.६६७ आहे, म्हणजे २.३ पट. याचा अर्थ एका रीडिंगचे खरे बिट १० नाहीत, ८.८ च्या आसपास आहेत. नॉइज अर्धा एलएसबी असता तर बरोबर ९ असते. तेव्हा २५६ रीडिंगनंतर तुमच्या हाती १४ नाही, साधारण पावणेतेरा बिट येतात. जो नॉइज तंत्र चालवतो तोच सुरुवातीला एक बिट घेतो, तो खर्च मान्य करूनच पुढे जायचं. बेरजेत १४ बिटांची जागा आहे म्हणून त्यात १४ बिटांची माहिती आहे असं नाही.

दोन गोष्टी इथेच सांगतो, कारण त्यावर बरेच जण अडतात. पहिली: नॉइज रूपांतराच्या आधी, व्होल्टेजमध्ये हवा. `analogRead()` च्या उत्तरात `random()` मिळवून काही होत नाही. तोवर ५१.८१ चा ५२ झालेला असतो आणि गेलेलं ०.८१ परत येत नाही. दुसरी: रेफरन्स बदलूनही हिस्टोग्राम एकाच कोडवर राहिला तर बाहेरून मुद्दाम बारीक लहर मिसळावी लागते, तिला डिदर म्हणतात. मोकळ्या पिनवरची चौकोनी लहर मोठ्या रोधातून आणि कपॅसिटरमधून A0 वर आणून तिचा त्रिकोण करतात. त्रिकोणाची उंची काही पायऱ्यांची ठेवा, त्याची सरासरी शून्य राहील असं कपॅसिटरने जोडा, आणि सरासरीच्या खिडकीत त्रिकोणाचे पूर्ण फेरे बसवा. नाहीतर डिदर स्वतःच चूक घुसवतो. एलएम३५ च्या आउटपुटला थेट कपॅसिटर मात्र लावू नका, त्याला कपॅसिटिव्ह भार सोसत नाही आणि तो डुलायला लागतो. मध्ये दोनेक किलोओहमचा रोध हवाच. एरवी, तुमच्या पल्ल्यात अंतर्गत रेफरन्स लावल्यावर डिदरची गरज पडेल असं मला वाटत नाही.

आता ती साइन लहर. `sqrt(N)` चा नियम प्रत्येक रीडिंगमधला नॉइज आधीच्यापासून स्वतंत्र असेल तरच चालतो. वीजपुरवठ्यातून तारांत शिरणारी ५० हर्ट्झची लहर तशी नसते. सलग दोन रीडिंगमध्ये ती जवळजवळ सारखीच असते. तिच्यासाठी रीडिंगची संख्या नाही, खिडकीची लांबी महत्त्वाची. खिडकीत लहरीचे पूर्ण फेरे बसले की वरचा भाग खालच्या भागाला कापतो आणि लहर नाहीशी होते. अपुरा फेरा उरला की तेवढी लहर शिल्लक.

या चिपवर एडीसीचं घड्याळ १६ मेगाहर्ट्झ भागिले १२८ म्हणजे १२५ किलोहर्ट्झ असतं आणि एका रूपांतराला १३ ठोके लागतात, म्हणजे १०४ मायक्रोसेकंद. तुमची २५६ रीडिंग सलग घेतली तर २६.६ मिलिसेकंद होतात. ५० हर्ट्झचा एक फेरा २० मिलिसेकंदांचा. म्हणजे एक फेरा आणि वर त्याचा तिसरा हिस्सा. हिशोब केला तर मूळ लहरीचा सुमारे २० टक्के भाग सरासरीत राहतो, आणि खिडकी दर वेळी लहरीच्या वेगळ्या जागी सुरू होते म्हणून उत्तर हळू हळू झुलत राहतं. लोकांना हे झुलणं तापमानाचं वाटतं. त्याऐवजी १९२ रीडिंग घ्या: १९.९७ मिलिसेकंद, आणि लहरीचा ०.२ टक्क्यांहून कमी भाग उरतो. कमी रीडिंग घेऊन जास्त स्वच्छ उत्तर!

आणखी चांगला आकडा ९६०. त्याची खिडकी ९९.८४ मिलिसेकंदांची, म्हणजे ५० हर्ट्झचे जवळजवळ पाच फेरे आणि ६० हर्ट्झचे सहा. दोन्ही पुरवठ्यांची लहर तेवढीच गळते. चारचा घात नसला म्हणून बिघडत नाही. ४, १६, ६४, २५६ हे आकडे फक्त भागाकाराऐवजी बिट सरकवता यावेत म्हणून आले. बेरीज पूर्ण ठेवली आणि शेवटी एकदाच मिलिव्होल्टमध्ये रूपांतर केलं तर हवा तो आकडा घ्या.

पण यासाठी दोन रीडिंगमधला वेळ पक्का हवा. `analogRead()` च्या लूपमध्ये १०४ च्या वर थोडा वेळ जातो आणि तो लूपमधल्या बाकी कामाप्रमाणे बदलतो. म्हणून एडीसी स्वतःच्या चालीवर सोडा आणि इंटरप्टमध्ये बेरीज करा:

```cpp
volatile uint32_t total;
volatile bool ready;

ISR(ADC_vect) {
  static uint32_t sum = 0;
  static uint16_t n = 0;
  sum += ADC;
  if (++n == 960) {
    total = sum;
    ready = true;
    sum = 0;
    n = 0;
  }
}

void setup() {
  Serial.begin(115200);
  ADMUX  = _BV(REFS1) | _BV(REFS0);   // 1.1 V, A0
  ADCSRB = 0;                         // free running
  ADCSRA = _BV(ADEN) | _BV(ADSC) | _BV(ADATE) | _BV(ADIE) | 7;
}

void loop() {
  if (!ready) return;
  noInterrupts();
  uint32_t s = total;
  ready = false;
  interrupts();
  float mV = s * (1100.0 / (960.0 * 1024.0));
  Serial.println(mV / 10.0, 2);
}
```

बेरीज `uint32_t` मध्ये आहे हे लक्षात ठेवा. या चिपवर `int` १६ बिटांचा असतो. पूर्ण पल्ल्याची ३३ रीडिंग मिळवली की तो ओलांडतो. तापमान कमी असताना सगळं ठीक चालतं आणि पाणी तापलं की आकडा उणे होतो, असा हा दोष असतो, म्हणून तो पटकन सापडत नाही. `noInterrupts()` ची जोडीही काढू नका: चार बाइट वाचत असताना मध्येच इंटरप्ट आला तर अर्धी जुनी, अर्धी नवी बेरीज हाती येते. या कोडबरोबर `analogRead()` कुठेही वापरू नका, ते रजिस्टर बदलून टाकतं. पहिला निकाल फेकून द्या.

जास्त रीडिंग मिळावीत म्हणून एडीसीचं घड्याळ वाढवायचा मोह होईल. डेटाशीट पूर्ण रिझोल्यूशनसाठी ५० ते २०० किलोहर्ट्झ सांगतं. त्याच्या वर गेलात तर रूपांतर अपुरं होऊ लागतं, आणि ती चूक यादृच्छिक नसते, त्यामुळे सरासरीने जात नाही.

आता, तुमचं ओव्हरसॅम्पलिंग खरंच चाललंय का, हे कसं ओळखायचं? स्थिर तापमानाला ५० सरासऱ्या घ्या आणि त्यांचं प्रमाण विचलन काढा. मग प्रत्येक सरासरीतली रीडिंग चौपट करा आणि पुन्हा काढा. ते निम्मं झालं तर बिट खरोखर मिळतोय. खिडक्या मात्र पूर्ण फेऱ्यांच्याच ठेवा: १९२, ७६८, ३०७२ अशा. नाहीतर वीजपुरवठ्याची लहर या चाचणीत घोळ करते. कुठेतरी विचलन निम्मं व्हायचं थांबेल. तिथून पुढे संथ बदल राज्य करतात: रेफरन्स सरकतो, चिप तापते, पाणीच थंड होतं. त्या जागेच्या पुढे रीडिंग वाढवणं म्हणजे नुसता वेळ घालवणं. सुरुवातीलाच विचलन शून्य येत असेल तर आनंद मानू नका. ते नॉइज नसल्याचं, म्हणजे तुमच्या अडकलेल्या आकड्याचंच लक्षण आहे.

ही चाचणी पास झाली तरी ती फक्त आकड्याच्या स्थिरपणाबद्दल सांगते, खरेपणाबद्दल नाही. आमच्या कामात सगळ्यात जास्त फसगत इथे होते. अंतर्गत रेफरन्सला "१.१" म्हणतात, पण डेटाशीट त्याला १.० ते १.२ व्होल्टपर्यंत कुठेही असण्याची मुभा देतं. ९ टक्क्यांची चूक २५ अंशांवर सव्वादोन अंशांची होते, आणि तुमचा सुंदर स्थिर दोन दशांशांचा आकडा तेवढा चुकलेला असेल. उपाय सोपा: रेफरन्स चालू असताना AREF पिनवर चांगल्या मल्टिमीटरने व्होल्टेज मोजा आणि कोडमधल्या `1100.0` च्या जागी ते मिलिव्होल्टमध्ये लिहा. त्या एका चिपसाठी ते बऱ्यापैकी टिकतं; तापमानाबरोबर थोडं सरकतं.

त्यानंतर एडीसीची स्वतःची वळणं येतात. या चिपच्या पायऱ्या अगदी सरळ रेषेत नसतात. डेटाशीटमध्ये ही चूक साधारण अर्धा एलएसबी आणि एकूण अचूकता दोन एलएसबीच्या आत दिली आहे. नॉइज शेजारच्या दोन-तीन पायऱ्यांचा खडबडीतपणा थोडा पुसतो, पण पूर्ण पल्ल्यावरचा बाक तसाच राहतो. १.१ व्होल्टवर अर्धा एलएसबी म्हणजे ०.०५ अंश. शिवाय एलएम३५ ला स्वतःची चूक आहे, ती खोलीच्या तापमानालाही अर्धा अंश किंवा त्याहून जास्त असू शकते. तेव्हा २५.३० मधला शेवटचा अंक "पाणी नेमकं इतक्या तापमानाला आहे" हे सांगत नाही. "गेल्या मिनिटात ०.०३ ने वाढलं" हे मात्र तो विश्वासाने सांगतो. पाणी किती वेगाने तापतंय, कुठे स्थिरावलं, यासाठी हे बिट खरे आहेत. खरं तापमान हवं असेल तर ज्ञात तापमानाच्या दोन बिंदूंवर कॅलिब्रेशन करा. त्यात रेफरन्सची आणि सेन्सरची चूक एकत्रच निघून जाते आणि मल्टिमीटरचीही गरज राहत नाही. ते कॅलिब्रेशनही ९६० च्या बेरजेवरच करा, अडकलेल्या आकड्यावर नाही.